लेबलं आणि लेआउट : सीएच्या ऑफिसचा रॅक, नोंद दुसरी

पहिली नोंद वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्यातलं एका सीएचं ऑफिस आहे, एकच मजला. भिंतीवर एक छोटा रॅक, त्यात २४ पोर्टचं पॅच पॅनल, २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, राउटर आणि फायबरचा डबा. केबलिंग कुणी कधी केलं याचा कागद नाही. मी जिथे इंटर्नशिप करते त्यांच्याकडे याचं मेंटेनन्स नव्याने आलंय आणि कागद तयार करायचं काम माझ्याकडे. मागच्या वेळी पॅनल आणि स्विच जोडणाऱ्या पॅच कॉर्डचा गुंता सोडवून झाला होता. या वेळी लेबलं आणि लेआउट.

आधी नावांबद्दल. पॅनलवर मार्करने लिहिलेली जुनी नावं होती : ‘साहेब केबिन’, ‘मॅडम’, ‘प्रिंटर’, ‘नवीन मुलगा’. यातला नवीन मुलगा नोकरी सोडून गेलाय, मॅडम दुसऱ्या खोलीत बसतात आणि प्रिंटर वाय-फायवर गेलाय. माणसं आणि यंत्रं हलतात, भिंतीतली केबल हलत नाही. म्हणून लेबलवर फक्त जागेचा नंबर घेतला. पॅनल A, पोर्ट सात, म्हणजे `A-07`. हाच नंबर पॅनलच्या पोर्टवर, पॅनलमागे येणाऱ्या केबलवर, टेबलाखालच्या आयओच्या, म्हणजे नेटवर्क सॉकेटच्या, फेसप्लेटवर आणि आयओच्या आतल्या केबलच्या टोकावर. दोन्ही टोकांना एकच ओळख हे टीआयए-६०६ या मानकातलंही मूळ तत्त्व आहे. शून्य मुद्दाम लावलाय, नाहीतर शीटमध्ये सॉर्ट करताना A-10 हा A-2 च्या आधी येतो. कोण बसतं, आयपी काय, हे सगळं शीटमध्ये, लेबलवर नाही.

पॅच कॉर्डना वेगळी मालिका दिली, `P-01` पासून पुढे, दोन्ही टोकांना तोच नंबर. कॉर्डवर स्विच पोर्टचा नंबर लिहायचा मोह होतो, पण कॉर्ड उद्या दुसऱ्या पोर्टात गेली की ते लेबल खोटं बोलायला लागतं.

लेबलच्या टेपविषयी बरेच जण विचारतात. कॅट-६ केबल साधारण ६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे घेर १९ मिलिमीटरच्या आसपास. लेबल प्रिंटरची नेहमीची टेप ताठ असते. एवढ्या बारीक गोलाईवर गुंडाळली की काही दिवसांत तिचं टोक उठतं, रॅकमधल्या गरमीत तर लवकरच. केबलसाठी लवचीक टेप वेगळी मिळते, तीच घ्या. त्याहून बरं म्हणजे छपाईच्या पुढे पारदर्शक शेपूट असलेलं लेबल, ते शेपूट अक्षरांवरूनच गुंडाळलं जातं आणि पुसलं जायचा प्रश्न मिटतो. झेंड्यासारखं बाहेर येणारं लेबल वाचायला सोपं, पण पॅनलमागे दाटीवाटीत ते शेजारच्या झेंड्यांत अडकतं. मी गुंडाळायचं घेतलं, आणि नंबर वर-खाली तीनदा छापला, म्हणजे केबल कशीही वळली तरी एक तरी दिसतो. पॅनलपासून वीतभर अंतरावर लावलं. त्याहून जवळ लावलं की केबल टायच्या आत जातं.

आता कुठलं पोर्ट कुठे जातं ते शोधणं. त्यासाठी टोनर आणि प्रोब : टोनर केबलीत टोन सोडतो, प्रोब तो दुसरीकडे ऐकवतो. टोनर लावण्याआधी ती केबल स्विचमधून काढावी लागते, कारण स्विचच्या पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो टोन गिळून टाकतो. म्हणजे त्या टेबलावरचं नेटवर्क जाणार. टॅलीत एंट्री चालू असताना केबल काढली की काय ऐकावं लागतं हे सांगायला नको, आणि २० तारखेला, जीएसटीआर-३बी भरायच्या दिवशी, सीएच्या ऑफिसात केबलला हातही लावू नये. संध्याकाळी सहानंतरची वेळ ठरवून घेतली.

टोन शेजारच्या केबलमध्येही झिरपतो. जुडग्यात प्रोब घातला की चार-पाच केबली गुणगुणतात. सगळ्यात मोठा आवाज ती आपली, असं म्हणतात खरं, पण आमच्या सरांनी खात्रीची युक्ती दाखवली : तारांच्या ज्या जोडीवर टोन सोडलाय तीच जोडी दुसऱ्या टोकाला क्षणभर शॉर्ट करायची. आपलीच केबल असेल तर आवाज बसतो. नुसता झिरपलेला असेल तर चालूच राहतो. हे साध्या अ‍ॅनालॉग टोनरचं झालं.

बहुतेक पोर्ट सरळ निघाले. दोन ठिकाणी मजा आली.

पहिलं `A-09`, आर्टिकलशिपच्या मुलांची खोली. तिथे आयओ एकच, आणि तोही लोखंडी कपाटामागे. डेस्कटॉप मात्र चार. कपाट हलवण्याआधी स्विचला विचारलं. स्विच आपल्याला दिसलेले मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डांचे नंबर, लक्षात ठेवतो, पण यंत्र गप्प बसलं की साधारण पाच मिनिटांत विसरतो. म्हणून आधी त्याच नेटवर्कवरच्या लॅपटॉपमधून सगळ्यांना हाक मारली :

```
for /L %i in (1,1,254) do @ping -n 1 -w 200 192.168.10.%i | find "TTL="
```

विंडोजच्या फायरवॉलमुळे काही पीसी पिंगला उत्तर देत नाहीत. हरकत नाही. एआरपीला, म्हणजे ‘हा आयपी कुणाचा’ या हाकेला, उत्तर द्यावंच लागतं, आणि तेवढ्यावर स्विचला मॅक कळतो. मग लगेच स्विचवर :

```
show mac address-table interface Gi1/0/9
```

एका पोर्टावर चार मॅक. एका पोर्टावर अनेक मॅक म्हणजे पुढे आणखी एक स्विच किंवा वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट, तिसरी शक्यता क्वचित. अ‍ॅक्सेस पॉइंट दुसऱ्या पोर्टावर आहे हे माहीत होतं. साधा अनमॅनेज्ड स्विच स्वतः काही बोलत नाही, त्यामुळे तो या यादीत येत नाही. त्याच्यामागची माणसं तेवढी येतात. ऑफिसातल्या मामांच्या मदतीने कपाट सरकवलं आणि पाच पोर्टचा डबा निघाला, एक पोर्ट वर जाणारा आणि चार भरलेले.

खरी गोष्ट त्याच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये होती. खोलीतले चारही पीसी यूपीएसवर, पण हा अ‍ॅडॉप्टर साध्या सॉकेटमध्ये. लाइट गेली की पीसी चालू राहतात आणि टॅलीचा सर्व्हर गायब होतो. ‘आमच्याच खोलीत टॅली हँग होतं’ अशी त्या मुलांची जुनी तक्रार होती, ती इथे उलगडली. शिवाय त्याच सॉकेटवर कुणीतरी मोबाइल चार्ज करायचं. तेव्हा डब्याला `SW-2` नाव दिलं आणि अ‍ॅडॉप्टरलाही लेबल लावलं : ‘SW-2, काढू नये’. शीटमध्ये प्रत्येक उपकरणापुढे ‘वीज कुठून’ असा रकाना वाढवला. तो कुठल्याच नमुना शीटमध्ये मी पाहिला नव्हता, आता माझ्या सगळ्या शीटमध्ये असेल. स्विचच्या पोर्टावरही नोंद टाकली :

```
interface GigabitEthernet1/0/9
 description A-09 articles-room SW-2
```

दुसरं प्रकरण `A-13` आणि `A-14`. `show interfaces status` मध्ये सगळे पोर्ट `a-1000`, हे दोनच `a-100`. दोन्ही पीसींचं कार्ड गिगाबिट. कॉर्ड बदलून पाहिली, तेच. साध्या एलईडी टेस्टरवर १, २, ३ आणि ६ पेटले. ४, ५, ७, ८ अंधारात. दोन्ही पोर्टांवर नेमकं हेच. एखादी तार तुटली असती तर एवढा नीटनेटका नमुना आला नसता.

फेसप्लेट उघडली. जुळा आयओ, पण आत केबल एकच. नारिंगी आणि हिरवी जोडी डावीकडच्या जॅकमध्ये, निळी आणि तपकिरी उजवीकडच्या जॅकमध्ये १, २, ३, ६ च्या जागी पंच केलेली. पॅनलमागेही तसंच. केबल वाचवायला कुणीतरी एका केबलीत दोन पॉइंट काढले होते. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, म्हणून हे चालतं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. अशा ठिकाणी काही कार्ड मुकाट्याने १०० वर उतरतात, काही लिंकच धरत नाहीत आणि मग दोष पीसीवर जातो. या ऑफिसात दोन्ही उतरणारी निघाली, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही.

लेबलिंगच्या दृष्टीने प्रश्न असा की इथे केबल एक आणि नंबर दोन. पोर्टांवर आणि जॅकवर `A-13`, `A-14` वेगवेगळे ठेवले, केबलच्या अंगावर मात्र `A-13/14`. लेआउटवरही एकच रेघ आणि शेजारी ‘विभागलेली, कमाल १००’. पुढे कुणी एक जॅक दुरुस्त करायला ती केबल कापली तर दोन टेबलं बंद पडतील, हे त्याला आधी दिसायला हवं. चारही जोड्या एका जॅकवर आणून पुढे छोटा स्विच टाकता येईल, किंवा नवी केबल ओढता येईल. टॅलीला १०० पुरतं, त्यामुळे सर म्हणाले, मालकांना लिहून कळव आणि तूर्त राहू दे.

लेआउट draw.io मध्ये काढलं, तीन पानं : मजल्याचा नकाशा, रॅकचं समोरचं चित्र आणि लॉजिकल आकृती. लॉजिकल लवकर झालं, राउटर, `SW-1`, `SW-2`, सर्व्हर, प्रिंटर, अ‍ॅक्सेस पॉइंट, बस. मजल्याच्या नकाशाने वेळ खाल्ला. टेप लावून खोल्या मोजल्या, खांब आणि दारं काढली, कारण ‘कपाटामागे’ पेक्षा ‘दारापासून दुसरा खांब’ जास्त टिकतं. प्रत्येक केबल वेगळी काढायच्या फंदात पडले नाही. रॅकपासून खोलीपर्यंत एक जाड रेघ आणि तिच्यावर त्या खोलीचे नंबर, एवढं पुरे. केसिंगमधून डोळ्यांना दिसणारा मार्ग सलग रेघेने, फॉल्स सीलिंगवरचा न पाहिलेला मार्ग तुटक रेघेने. रंगांवर काही ठेवलं नाही. ही पानं शेवटी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर जाणार. पासवर्ड कुठेच नाहीत. कोपऱ्यात तारीख आणि आवृत्ती.

`A-17` आणि `A-22` अजून सुटलेले नाहीत. दोन्हींचा टोन कॉन्फरन्स रूमच्या नव्या पार्टिशनपर्यंत ऐकू येतो आणि तिथे संपतो. आयओ बहुधा प्लायच्या मागे गेलेत. शीटमध्ये ‘दुसरं टोक सापडलं नाही, पार्टिशनजवळ’ असं लिहून पॅनलवर ते पोर्ट कोरे ठेवलेत. पार्टिशनवाला सुतार पुढच्या आठवड्यात स्विचबोर्डसाठी प्लाय कापायला येणार आहे, तेव्हा प्रोब घेऊन जाईन. `SW-2` चा अ‍ॅडॉप्टर यूपीएसच्या सॉकेटवर न्यायला इलेक्ट्रिशियनला सांगितलंय.