डाग पाण्याचे नव्हते

वरुडजवळच्या एका संत्रा बागायतदाराच्या घरून फोन आला. "भाऊ, डिशवॉशर ताटं तांबडी करून राहिलं, बोअरचं पाणी खराब हाये काय पाहून जा."

आमच्याकडे कोणतीही मशीन बिघडली की पहिला आळ पाण्यावर. पण पाण्यात लोह असलं की टब आतून सगळाच तांबूस होतो. इथे टब चकचकीत होता. डाग फक्त ताटांच्या कडांना, जिथे त्या रॅकच्या दांड्यांना टेकतात तिथे. फिल्टर काढला, तर तळाशी गंजाचा तपकिरी चुरा आणि रॅकच्या तारांवरच्या कोटिंगची राखाडी सालपटं.

वरच्या रॅकच्या तीन-चार दांड्यांची फक्त टोकं उघडी पडली होती. ते दुरुस्त होण्यासारखं होतं. गंज पॉलिश पेपरने घासून खालचा पांढरा धातू उघडा करायचा, स्पिरिटने पुसायचं, पूर्ण वाळलं की रॅकसाठीच मिळणारं व्हिनाइल कोटिंग दोन थरांत लावायचं, एक दिवस मशीन बंद ठेवायची आणि टोकांवर रबरी टोप्या चढवायच्या. ओल राहिली तर नवा थरही सुटतो. साधा ऑइलपेंट गरम पाण्यात आणि डिटर्जंटच्या खारात टिकत नाही.

खालच्या रॅकची गोष्ट वेगळी. दांडे तळाच्या तारेला जोडलेले असतात, त्या जोडावर कोटिंग फुगलं होतं. नख लावलं तर पापुद्रा बोटभर निघून आला, आतली तार काळपट, खवल्यांची. एक दांडा अंगठ्याने रेटला, तो मुळातून मोडून हातातच आला. काकू म्हणाल्या, "बाप्पा! कालच तर ह्याच्यावर कढई ठेवली होती." जड लोखंडी कढई आणि कुकर रोज तिथेच आपटत होते. कोटिंगला चीर पडली की पाणी आत शिरतं, आणि गंज वरून दिसायच्या आधी आतल्या आत सरकतो.

काका म्हणाले, "गावातला वेल्डिंगवाला दोन टाके मारून देईल ना जी." मी नाही म्हटलं. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं कोटिंगही वितळतं, मग एका जागेऐवजी वीतभर तार उघडी पडते. एखादाच दांडा तुटला असता तर खुंट घासून, कोटिंग लावून चालवलं असतं. इथे सहा-सात जोड सुटू पाहत होते. तसंच वापरत राहिलं असतं, तर चुरा ताटांवर बसून चांगल्या स्टीलवरही डाग धरले असते.

दरवाज्याच्या कडेवरचा मॉडेल नंबर टिपून खालचा रॅक मागवला, वरचा दुरुस्त केला. नव्या रॅकसोबत चाकं येतीलच असं नसतं, म्हणून जुन्याची चाकं काढून काकूंच्या हातात दिली आणि लोखंडी कढई हातानेच घासायला सांगितली. त्यावर त्यांनी काकांकडे पाहिलं.