गणेशोत्सवाची सोसायटी नोटीस: काय लिहायचं आणि का (माझा अनुभव)

आमच्या सोसायटीच्या उत्सवाच्या नोटिसा मी सेक्रेटरी म्हणून काढतो. त्यांत वर्षानुवर्षं येणारं एक वाक्य आम्ही पूर्ण काढून टाकलं: "सर्व सभासदांनी सहकार्य करावे." या वाक्यावरून कुणाला काही सांगताही येत नाही आणि विचारताही येत नाही. आता नोटिशीच्या प्रत्येक ओळीत वेळ, जबाबदार माणूस आणि तपासायची पद्धत असते. यातलं एक जरी सुटलं तरी भांडण नेमकं तिथेच होतं.

नोटिशीला आधार हवा तो सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा. मोकळी जागा किंवा गच्ची कार्यक्रमाला द्यायची तर त्याच्या अटी सभेने ठरवायच्या असतात, कमिटी त्या फक्त अमलात आणते. दंडाचंही तसंच आहे. आदर्श उपविधींप्रमाणे दंड सभेच्या मंजुरीनेच लावता येतो. आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि वर्षभराची कमाल मर्यादा ५,००० रुपये आहे. कमिटीने परस्पर "नियम मोडल्यास २,००० दंड" असं फलकावर लावलं तर वसुलीच्या वेळी ते टिकत नाही. अडचण अशी की वार्षिक सभा साधारण सप्टेंबरअखेर होते आणि गणपती बहुतेकदा त्याआधी येतात. म्हणून ठराव आदल्या वर्षीच्या सभेतच घ्यावा, नाहीतर पूर्ण ५ दिवसांची सूचना देऊन विशेष सभा बोलवावी. ठराव क्रमांक आणि तारीख नोटिशीच्या पहिल्या ओळीत घालतो.

सगळ्यात जास्त वाद होतो तो ध्वनिक्षेपकाच्या वेळेवर. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवायचा असतो. सोसायटीने मंजुरी दिली म्हणजे ही परवानगी मिळाली, असं होत नाही. ती पोलीस ठाण्यातून वेगळी घ्यावी लागते, आणि तिची प्रत नोटिशीशेजारीच लावलेली बरी. दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "अहो, सरकारने बारापर्यंत सूट दिलीय ना!" ही सूट वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांपुरतीच असते, आणि ते दिवस आधीच जाहीर झालेले असतात. आपल्या जिल्ह्याची यादी पाहून नोटिशीत तारखा लिहाव्यात. तरी त्या दिवशीही सोसायटी दहालाच थांबायचं ठरवू शकते. सोसायटीला वेळ कमी करता येते, वाढवता येत नाही.

नोटिशीत "रात्री १० पर्यंत" असं लिहिलं की दहाला शेवटचं गाणं सुरू होतं. म्हणून आमची ओळ अशी असते: "ध्वनिक्षेपक संध्या. ७ ते ९.४५. ९.४५ ला अँप्लिफायरचा मुख्य स्विच बंद करण्याची जबाबदारी त्या दिवशीच्या यजमान विंगच्या प्रतिनिधीची." शेजारी तारीखवार नावं. सकाळची आरती ध्वनिक्षेपकाविना.

आवाजाच्या पातळीत खरी मेख आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज तिच्या हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. म्हणजे कंपाउंडच्या भिंतीपाशी ६० धरून चालावं. पण ही मोजणी डेसिबल 'ए' मापात होते. आपल्या कानाला मंद भासणारे खालचे सूर हे माप फार कमी धरतं: ६३ हर्ट्झच्या आसपास जवळजवळ २६ डेसिबलनी कमी. त्यामुळे आकडा ठीक दिसतो आणि तरी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची काच थरथरते, आजारी माणसाच्या छातीत धडधडतं. तक्रार करणारा खरं बोलत असतो आणि मीटर दाखवणाराही. यावर उपाय एकच: नोटिशीत डेसिबलच्या आकड्यासोबत "बेस बॉक्स आणि सबवूफर आणू नये" असं स्पष्ट लिहायचं. दोन छोटे स्पीकर मंडपाच्या आतल्या बाजूला, प्रेक्षकांकडे थोडे खाली कललेले ठेवले की आरतीला पुरतात. इमारती तिन्ही बाजूंनी असतील तर भिंतीकडे तोंड केलेला स्पीकर अंगणात आवाज घुमवतो.

मोबाइल ॲपवरचा आकडा फोनगणिक बदलतो, त्यामुळे त्यावरून दंड लावू नये. आम्ही पहिल्या दिवशी मंडळाच्या आणि तक्रारदारांच्या प्रतिनिधीसमोर हद्दीवर आवाज ऐकून व्हॉल्यूमच्या बटणावर टेपची खूण करतो. खुणेच्या वर आवाज गेला की नाही, हे नंतर कुणालाही दिसतं.

जागेबद्दल नोटिशीत नकाशाच जोडावा. मंडपवाला येण्याआधी जमिनीवर चुन्याने आखून घ्यावं, कारण तो आपल्या सोयीने दोन फूट पुढे येतोच. उंच इमारतीभोवती अग्निशमन गाडीसाठीची ६ मीटर वाट, जिना, लिफ्टसमोरची जागा आणि मीटर रूमचं दार मोकळं राहायला हवं. ज्यांच्या गाड्या हलवायच्या त्यांची लेखी संमती, आणि त्यांना तात्पुरती जागा कोणती, हेही लिहावं. खांबासाठी पेव्हर ब्लॉक उखडायला मनाई असावी. वाळू भरलेल्या ड्रममध्ये बांबू रोवले की भागतं.

मंडप उतरवायची तारीख सगळ्यात जास्त चुकते. विसर्जनानंतर मंडपवाले दुसऱ्या कामांच्या घाईत असतात आणि वासे आठवडाभर पार्किंगमध्ये पडून राहतात. ठरलेल्या रकमेतली चौथाई जागा रिकामी झाल्यावरच द्यायची, असं त्याच्याशी आधीच लेखी ठरवलं की तो वेळेवर येतो.

स्वच्छतेत "सफाई कामगार करतील" हे गृहीत धरणं मला पटत नाही. त्यांचं काम रोजचं झाडलोटीचं. उत्सवाचं जादा काम जादा मोबदल्यानेच व्हायला हवं, आणि ती रक्कम उत्सवाच्या अंदाजपत्रकात आधीच घालावी. बाकी रोजचं आवरणं यजमान विंगचं: आरतीनंतर अर्ध्या तासात अंगण मोकळं. निर्माल्याची टोपली वेगळी. त्यातला दोरा, सेलोटेप, प्लास्टिकची फुलं आणि टाचण्या तिथेच काढाव्यात, नाहीतर खतखड्ड्यात हार जसाच्या तसा सापडतो. महाप्रसादाला १०० पेक्षा जास्त माणसं येणार असतील तर घनकचरा नियमांनी किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायला आणि ओला-सुका कचरा वेगळा करून द्यायला सांगितलं आहे. आम्ही तो अर्ज वेळेआधीच देतो.

गुलालाला नोटिशीत वेगळी ओळ द्यावी: "आधी कोरडा झाडून गोळा करावा, मगच पाणी." आधी पाइप लावला की रंग पेव्हरच्या फटींत मुरतो आणि पावसाळी गटाराच्या जाळीवर चिखलासारखा बसतो. चमकीचे कागद उडवायला आम्ही पूर्ण मनाई केली आहे. ते जाळीतून आत जातात आणि पुढच्या मोठ्या पावसात पाणी तुंबल्यावरच कळतं.

अनामत रक्कम मंडळाकडून मंडप चढण्याआधी घेतो. मंडप उतरल्यावर सकाळी मंडळाचा एक आणि कमिटीचा एक, असे दोघं मंडप घालण्याआधीचे फोटो हातात घेऊन फिरतात: जमीन, भिंत, जाळ्या, विजेची जोडणी. नुकसान असेल तर दुरुस्तीच्या बिलाइतकीच कपात, बिलाची प्रत जोडून. उरलेली रक्कम सात दिवसांत परत.