नऊ पानांचं सर्क्युलर आणि २ सप्टेंबर

शनिवार, २८ जून २०२५

सोमवारी शाळा सुरू झाली आणि काल रात्री वर्गाच्या ग्रुपवर वर्षभराचं सर्क्युलर आलं, नऊ पानांची पीडीएफ. पान दोनवर सुट्ट्या, पान पाचवर परीक्षा, मधे गणवेश आणि फीचे नियम, आणि पालकांनी कधी यायचं ते जागा मिळेल तिथे टाकलेलं. आज पोरं क्लासला गेली तेव्हा प्रिंट काढली, भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून टेबलावर घेतलं आणि बसले.

मागच्या वर्षीचं अजून विसरले नाही मी. लेखी परीक्षेचा शेवटचा पेपर बघून त्याच रात्रीची पुण्याची तिकिटं काढली होती, आणि मोठ्याचं कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल दुसऱ्या दिवशी निघालं. ते दुसऱ्याच पानावर 'तोंडी व प्रात्यक्षिक' खाली होतं. चार तिकिटं कॅन्सल केली, मग दिवाळीच्या गर्दीत वेटिंग क्लिअर होता होईना, आई तिकडे रोज फोन करायची. म्हणून यावर्षी एकही तारीख दुसऱ्या पानाशी पडताळल्याशिवाय वहीत घ्यायची नाही असं ठरवलं.

वहीत तीन पानं केली. सुट्ट्या, परीक्षा, आणि आपण हजर राहायचे दिवस. पण सर्क्युलरमधून सरळ उतरवून काढलं तर काहीच कळत नाही, कारण शाळा सुट्टी तिच्या बाजूने लिहिते. मला हवं असतं ते वेगळंच, की कोणत्या दिवशी पोरं घरी आहेत आणि आम्ही दोघं ऑफिसात. त्यामुळे प्रत्येक सुट्टीपुढे फक्त एवढंच लिहिलं, 'सगळे घरी' किंवा 'पोरं घरी'. १५ ऑगस्टला सगळे घरी. यावर्षी दसरा आणि गांधी जयंती दोन्ही २ ऑक्टोबरलाच आहेत म्हणजे यादीत नावं दोन पण सुट्टी एकच, दोन मोजून कोणी चार दिवसांचा प्लॅन केला तर फसेल.

सर्वात जास्त वेळ गेला तो 'स्थानिक सुट्ट्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानुसार' या एका ओळीवर. तारीखच नाही. आता नागपुरात राहून आपल्याला माहीत असतं की यात मारबत येणार, पोळा २२ ऑगस्टला शुक्रवारी आहे म्हणजे तान्हा पोळा आणि मारबत २३ ला शनिवारी. पण आदेश निघेपर्यंत ते पेन्सिलनेच. ईदपण पेन्सिलने, चंद्रावर एक दिवस सरकू शकते. आणि माझ्या प्रायव्हेट ऑफिसला या स्थानिक सुट्ट्या लागूच नाहीत, म्हणून २३ च्या पुढे 'पोरं घरी' लिहिलं आणि सासूबाईंना आताच विचारून ठेवलं. त्या म्हणाल्या, "मी आहे ना, मलाही मारबत पाहायला जायचंच आहे, पोट्ट्यांना घेऊन जाते." एक दिवस सुटला.

मग परीक्षा. पान पाचवर 'घटक चाचणी १, दि. १ ते ५ सप्टेंबर'. आणि पान दोनवर १ सप्टेंबरला ज्येष्ठा गौरी पूजनाची सुट्टी! आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, ३१ ऑगस्टला रविवारी येणार, १ ला पूजन, २ ला विसर्जन, म्हणून ते लगेच डोळ्यात भरलं, नाहीतर नजरेतून गेलं असतं. पुढे ५ ला ईद-ए-मिलादची सुट्टी, ६ ला शनिवारी अनंत चतुर्दशी. म्हणजे पाच दिवसांची दिसणारी परीक्षा खरी तीन दिवसांची, २, ३ आणि ४, आणि मोठ्याचे विषय सहा.

लगेच शाळेत फोन केला. ऑफिसातल्या मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी पान उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "हो ताई, मागच्या वर्षीच्या फाइलवरून झालं असेल, चाचणी २ पासूनच, सातवीला रोज दोन पेपर, मी सुधारित पत्रक टाकायला सांगते." रोज दोन पेपर हे आताच कळलं हे फार बरं झालं, कारण महालक्ष्म्यांच्या जेवणाला चाळीस माणसं येतात आणि त्याच रात्री मोठ्याला दोन विषय बघायचे आहेत. यावर्षी पुरणाचं काम जाऊबाईंकडे द्यायचं, मी यांच्याशी बोलले.

आता दिवाळी. प्रथम सत्र परीक्षा ४ ते १४ ऑक्टोबर, दिवाळी सुट्टी १६ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, शाळा ३ ला. मधला १५ कुठे गेला? तो पान सातवर सापडला, 'उत्तरपत्रिका दाखवणे व पालक सभा, सकाळी ९ ते १२, पालकांची उपस्थिती आवश्यक'. म्हणजे १४ ची गाडी नाही, १५ च्या रात्रीची. पान आठवर 'तोंडी' ऑक्टोबरच्या १ तारखेलाच दाखवली आहे, लेखीच्या आधी, तेव्हा मागून काही येणार नाही. हे दोनदा तपासलं.

रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून, आधी १२० होते. १५ ऑक्टोबरची तिकिटं १६ ऑगस्टला सकाळी ८ वाजता उघडणार, शनिवार, गोपाळकाला, कोणाला घाई नाही. परतीची १ नोव्हेंबरच्या रात्रीची, २ ला रविवारी सकाळी घरी, ३ ला शाळा. ती मोजली तर उघडण्याचा दिवस आला २ सप्टेंबर. विसर्जन, पहिले दोन पेपर आणि सकाळी ८ ला तिकिटं, तिन्ही एकाच सकाळी. मी पेन ठेवून थोडा वेळ त्या चौकोनाकडेच बघत बसले. मग यांना सांगितलं, "परतीची तिकिटं तुम्ही काढायची, माझ्या भरवशावर राहू नका." त्यांनी तिथेच मोबाइलमध्ये पावणेआठचा अलार्म लावला, चौघांची नावं-वयं मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवतो म्हणाले.

धाकटी तिसरीत आहे, तिचं कॅलेंडर थोडं वेगळं निघालं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस आहेत, म्हणून काही शनिवारी मोठा शाळेत आणि ती घरी. तिचे शनिवार हिरव्या पेनने केले.

डिसेंबरचं स्नेहसंमेलन लिहिलं, पण त्याच महिन्यात अधिवेशन असतं, आमची शाळा सिव्हिल लाइन्सकडे, मोर्चा असला की बस तासभर उशिरा येते. तारीख जाहीर झाली की त्या आठवड्यात आणायला कोण जाणार ते बघू. फेब्रुवारी-मार्चला शाळा बोर्डाचं सेंटर असते, लहानांच्या वेळा बदलतात, ते सगळं पेन्सिलनेच.

संध्याकाळी वहीच्या तीन पानांचा फोटो शेजारच्या काकूंच्या सुनेला पाठवला, तिचा मुलगा पण याच शाळेत. ती म्हणाली, "१ सप्टेंबरचं काहून नाही दिसलं मला, मी तर पेपर धरून बसली होती." कालनिर्णय परत खिळ्यावर लावलं. २ सप्टेंबरच्या चौकोनात तीन रंग आहेत, लांबूनही दिसतात.