चार नंबरच्या टेबलावरचा क्यूआर

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास चार नंबरच्या टेबलावरच्या काकांनी खिशातून मोबाइल काढला, पेमेंटचं अॅप उघडलं आणि मी लिहिलेल्या पोस्टरवरचा क्यूआर स्कॅन केला. काही झालं नाही म्हणून पुन्हा केला. मग काउंटरवरच्या मुलाला हाक मारली, "अरे दादा, पैसे जात नाहीयेत. कोड बंद आहे का तुमचा?" त्यांची कॉफी अजून यायचीच होती.

मी शेजारच्या टेबलावर वही उघडून बसले होते. ठाण्यात राम मारुती रोडच्या एका गल्लीत हा छोटा कॅफे आहे, नऊ टेबलांचा. रविवारी सकाळी तलावपाळीला फेरी मारून आलेली मंडळी इथे टेकतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्यांसाठी मालकीणबाईंनी शिक्क्यांची योजना सुरू केली होती. गिऱ्हाइकाने टेबलावरचा कोड स्कॅन करून मोबाइल नंबर द्यायचा, की प्रत्येक कॉफीमागे मोबाइलवरच्या कार्डावर एक शिक्का. टेबलावरच्या पोस्टरचा मजकूर माझ्याकडे होता. अॅक्रिलिकचे स्टँड आले होते, पण छपाईची ऑर्डर द्यायच्या आधी एक सकाळ बसून बघू, असं मीच ताईंना म्हटलं होतं. म्हणून साध्या कागदावर प्रिंट काढून तीनच टेबलांवर लावले होते.

पोस्टरवर तेव्हा होतं ते असं:

कॉफी क्लबमध्ये सामील व्हा!
स्कॅन करा आणि मिळवा मोफत कॉफी.
आजची कॉफीही धरली जाईल.

खाली क्यूआर. तिसरी ओळ मी मुद्दाम घातली होती. टेबलावर बसलेला माणूस आत्ता इथे आहे, आत्ता पैसे खर्च करतोय. योजना पुढच्या वेळेपासून सुरू होणार असेल, तर तो पुढच्या वेळी बघू म्हणतो आणि ते राहूनच जातं. आजचा खर्च मोजला जातोय म्हटल्यावर मोबाइल बाहेर निघतो. हे आजही मला पटतं. पण त्या सकाळी त्याच ओळीने घोटाळा केला. तो पुढे येतो.

आधी काकांचं. त्यांनी "सामील व्हा" वाचलंच नव्हतं. त्यांना चौकोन दिसला आणि चौकोन दिसला की पैसे भरायचे, ही सवय आता आपल्या सगळ्यांच्या हाताला आहे. भाजीवाल्याकडे तोच चौकोन, रिक्षात तोच, केमिस्टच्या काउंटरवर तोच. कोविडनंतर कित्येक हॉटेलांत मेनूही त्याच चौकोनात गेला. क्यूआरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत पैशांचा पत्ता आहे, मेनू आहे की फॉर्म आहे, हे डोळ्यांना कळायला काही मार्ग नाही. ते फक्त शेजारचे शब्द सांगू शकतात. आणि माझे शब्द बक्षिसाबद्दल बोलत होते, कोडबद्दल एक अक्षर नव्हतं.

मुलाने काकांना नीट समजावलं. मग काकांनी पोस्टर हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "मग नंबर कशाला हवाय? रोज मेसेज पाठवणार ना? एका कपड्यांच्या दुकानात नंबर दिला, दोन वर्षं झाली, अजून सुटका नाही." मुलाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, कारण महिन्याला किती मेसेज जाणार हे मी ताईंना विचारलंच नव्हतं. काकांनी स्टँड परत ठेवला तो टिश्यूच्या डब्यामागे. तिथे ठेवल्यावर क्यूआर अर्धा झाकला गेला. खालच्या बाजूला छापला की टिश्यू, सॉस आणि पाण्याचे ग्लास त्याच्यापुढे येतात, हे वहीत लिहून घेतलं.

साडेदहाला कॉलेजच्या तीन मुली आल्या. कॉफी झाली, पैसे भरले, आणि उठता उठता एकीने पोस्टर वाचून तिथेच स्कॅन केलं. फॉर्म भरला, कार्ड उघडलं. कार्डावर एकही शिक्का नाही. ती काउंटरवर गेली, "दादा, यावर लिहिलंय आजची कॉफी धरली जाईल." मुलगा म्हणाला, "मॅडम, बिल बंद झालं. आता नाही होत." दुसरी म्हणाली, "आणि स्कॅन केलं की कॉफी फ्री ना? तेही लिहिलंय." मुलाचा चेहरा उतरला. जे वचन त्याने दिलंच नव्हतं, त्याबद्दल दोन मिनिटं तो तिथे उत्तरं देत होता. ताई बाहेर आल्या, मुलींना एक-एक शिक्का स्वतःच्या लॉगिनवरून टाकून दिला. मुली हसत गेल्या. मला मात्र फार वाईट वाटलं, कारण ते दोन्ही वाद माझ्या वाक्यांनी लावले होते.

मुली गेल्यावर मी काउंटरच्या आत जाऊन बिल कसं बनतं ते बघितलं. हे आधीच करायला हवं होतं. मुलगा टेबल निवडतो, ऑर्डर टाकतो, आणि बिल काढायच्या आधी एका रकान्यात मोबाइल नंबर घालतो. तो नंबर बिलाला जोडला गेला तरच बिल पूर्ण होताना शिक्का पडतो. पैसे घेऊन बिल बंद केलं की तो रकाना कुलूपबंद. मग फक्त ताईंच्या लॉगिनवरून हाताने शिक्का टाकता येतो, आणि ताई दुपारी घरी जातात. म्हणजे "आजची कॉफीही धरली जाईल" हे खरं होतं, पण बिल निघण्याआधी नंबर सांगितला तरच. तेवढी अट पोस्टरवर नव्हती. नुसतं स्कॅन करून भागत नाही, काउंटरवर नंबरही सांगावा लागतो, हेही नव्हतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर ताई आणि मी बसलो. त्यांनी आधी विचारलं, "अगं, तीच ओळ काढून टाकली तर?" मी म्हटलं, "ताई, ती राहू द्या. तिच्यापुढे वेळ लिहू या." मग एकेक शब्द घेतला.

मोफत हा शब्द गेला. "स्कॅन करा आणि मिळवा मोफत कॉफी" याचा सरळ अर्थ तोच होतो जो त्या मुलीने घेतला. आठ कॉफी घेतल्यावर नववी मिळणार असेल, तर तेवढंच छापायला हवं.

आकड्यावर मात्र थोडा वेळ थांबलो. ताईंना आठ विकत घेतलेल्या कॉफींवर एक द्यायला परवडत होतं. मी सुचवलं की कार्डावर आठ नाही, दहा घरं ठेवू आणि दोन शिक्के सुरुवातीलाच देऊ. विकत घ्यायच्या कॉफी तितक्याच राहतात. याचा एक जुना प्रयोग आहे, न्यून्स आणि द्रेझ या दोन संशोधकांनी 2006 साली छापलेला. गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर त्यांनी 300 गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. निम्म्यांना आठ घरांचं कोरं कार्ड, निम्म्यांना दहा घरांचं, पण दोन शिक्के आधीच मारलेलं. दोघांनाही आठच वेळा यायचं होतं. कोरं कार्ड पूर्ण करणारे 19 टक्के निघाले, दोन शिक्के मिळालेले 34 टक्के. ताईंनी कॅल्क्युलेटर काढला, आठच येतात याची खात्री करून घेतली आणि हो म्हणाल्या. माझी एकच अट होती, "आठ कॉफी" हे शब्द पोस्टरवर दिसले पाहिजेत. दहा घरं बघून कुणी मनात हिशेब चुकवायला नको.

मग मेसेज. "महिन्याला किती पाठवणार?" ताई म्हणाल्या, "ते भाचा बघतो." भाच्याला फोन लावला. तो आठवड्याला दोन म्हणत होता. काकांचा प्रसंग सांगितल्यावर महिन्याला दोनवर आला. फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, ईमेल आणि वाढदिवस असे चार रकाने होते. शिक्क्यासाठी फक्त मोबाइल लागतो, म्हणून बाकीचे तीन काढले. वाढदिवसाला केक द्यायची ताईंची फार इच्छा होती, पण तो नंतर विचारता येईल, ओळख झाल्यावर. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती देणं जितकं सोपं, तितकीच ती मागे घेणंही सोपं असायला हवं असं म्हटलंय. म्हणून भाच्याला सांगून प्रत्येक मेसेजच्या शेवटी आणि कार्डाच्या पानावर नाव काढून टाकायचं बटण ठेवायला लावलं. ते बटण चालतंय हे माझ्या नंबरवर बघितल्याशिवाय मी ती ओळ लिहिली नाही.

कोडही बदलला. आधीची लिंक फॉर्मची पूर्ण लांबलचक लिंक होती. लिंकमध्ये अक्षरं जास्त तितके ठिपके जास्त आणि बारीक, आणि कोपऱ्यातल्या अंधाऱ्या सात नंबरवर मोबाइल चाचपडत होता. छोटी लिंक घेतल्यावर त्याच तीन सेंटिमीटरच्या चौकोनात ठिपके ठसठशीत झाले. प्रत्येक टेबलाच्या लिंकला शेवटी `?t=4` असा त्या टेबलाचा नंबर जोडला, म्हणजे किती जणांनी पान उघडलं आणि त्यातल्या किती जणांनी नंबर दिला, हे टेबलवार कळेल. उघडणारे कमी असतील तर दोष पोस्टरचा किंवा उजेडाचा, उघडून सोडून देणारे जास्त असतील तर फॉर्मचा.

चारच्या सुमारास मजकूर तयार झाला. क्यूआर आता वरच्या अर्ध्यात, आणि त्याला अगदी चिकटून वर पहिली ओळ:

हा कॉफीच्या शिक्क्यांचा कोड. इथे पैसे भरायचे नाहीत, पिन टाकायचा नाही.

कोडच्या खाली:

आठ कॉफी घ्या, नववी आमच्याकडून.
दहा घरांच्या कार्डावर दोन शिक्के आम्ही आधीच मारलेत.
बिल मागण्याआधी स्कॅन करा आणि काउंटरवर नंबर सांगा, आजचा शिक्काही पडेल.
फक्त मोबाइल नंबर लागतो. महिन्याला जास्तीत जास्त दोन मेसेज. नको वाटले तर एका बटणात बंद.

ताईंना हे लांब वाटलं. भिंतीवरच्या पोस्टरसाठी लांब आहेच. पण टेबलावरचा माणूस ऑर्डर देऊन आठ-दहा मिनिटं बसलेला असतो, त्याच्याकडे वाचायला वेळ असतो. अट एवढीच की पहिल्या ओळीत शंका मिटली पाहिजे.

मी प्रिंट काढायला निघाले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने कागद मागून घेतला आणि ओठ हलवत पूर्ण वाचला. म्हणाला, "मॅडम, बिल मागण्याआधी नको. बरेच जण बिल मागतच नाहीत, सरळ उठून काउंटरला येतात." त्याचं बरोबर होतं. मी त्यालाच विचारलं, मग काय लिहू? तो थोडा थांबला. "पैसे देण्याआधी लिहा. पण मग बिल निघालेलं असेल." पुन्हा थांबला. "कॉफी येईपर्यंत लिहा ना. तेव्हा सगळे मोबाइलच बघत असतात."

ती ओळ झाली, "कॉफी येईपर्यंत स्कॅन करून ठेवा. बिलाच्या वेळी नंबर आधी सांगा, आजचा शिक्काही पडेल." आणि बिल काढताना "शिक्क्यासाठी नंबर आहे का?" असं आधी विचारायचं, हे त्याने स्वतःहून बिलाच्या मशीनला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं. मग तीन टेबलांवरचे जुने कागद त्यानेच स्टँडमधून ओढून काढले आणि चार नंबरवर नवा घालून टिश्यूचा डबा दुसऱ्या टोकाला सरकवला.