ड्रोनच्या चित्रातली झाडं मोजताना: चुकीच्या चौकटींचा हिशेब

काम साधं दिसत होतं. मिश्र लागवडीचा एक तुकडा होता, ड्रोनच्या फोटोंपासून जोडलेलं त्याचं सलग चित्र म्हणजे ऑर्थोमोझॅक हाताशी होतं, आणि झाडं किती ते सांगायचं होतं. मॉडेल घेतलं डीपफॉरेस्ट. ते झाडांचे शेंडे ओळखायला आधीच शिकलेलं आहे, प्रत्येक झाडाभोवती चौकट काढतं आणि ते झाडच असल्याची किती खात्री आहे हे सांगणारा शून्य ते एकमधला स्कोअर चौकटीला देतं.

माझ्या चित्रात एक पिक्सेल ३ सेंटिमीटरचा होता. चित्र जितकं बारीक तितकं चांगलं असं वाटतं, पण हे मॉडेल शिकलंय १० सेंटिमीटरच्या चित्रांवर. ते चित्राचे ४०० पिक्सेलचे तुकडे करून बघतं. ३ सेंटिमीटरला असा तुकडा जेमतेम १२ मीटरचा होतो, मोठं झाड त्यात मावत नाही, आणि मॉडेल एकेका फांदीला झाड समजू लागतं. म्हणून चित्र आधी जाडसर केलं:

```
gdalwarp -tr 0.1 0.1 -r average ortho.tif ortho_10cm.tif
```

आता तुकडा ४० मीटरचा झाला आणि मॉडेलने २१४० चौकटी दिल्या. बरेच जण इथेच आकडा लिहून मोकळे होतात. मला तो पटत नाही, कारण त्यात दोन उलट्या चुका एकमेकींना झाकत असतात: झाड नसताना काढलेली चौकट आणि झाड असून सुटलेली. बेरीज योगायोगाने जुळली तरी मॉडेल बरोबर आहे असं ठरत नाही.

तपासणी दोन बाजूंनी केली. आधी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये २०० चौकटी यदृच्छेने निवडून मूळ ३ सेंटिमीटरच्या चित्रावर एकेक पाहिली. १७२ खऱ्या निघाल्या, म्हणजे ८६ टक्के. मग काही ठिकाणी ४० मीटरचे चौरस टाकले, मॉडेलचा थर बंद केला आणि झाडं हाताने टिपली. थर बंद करणं महत्त्वाचं. चौकट डोळ्यासमोर असली की आपणही तिच्या होत हो मिसळतो. हाताने २४० झाडं मिळाली आणि त्यांपैकी १९२ मॉडेलला सापडली होती, म्हणजे ८० टक्के.

हिशेब असा: २१४० गुणिले ०.८६ केलं की खऱ्या चौकटी सुमारे १८४० येतात. त्या प्रत्यक्षातल्या झाडांच्या ८० टक्केच आहेत, म्हणून १८४० भागिले ०.८०, म्हणजे साधारण २३००. नमुना छोटा असल्यामुळे दोन्ही टक्केवाऱ्या पाचेक टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. त्यामुळे प्रामाणिक उत्तर २१०० ते २५००.

खोट्या २८ चौकटींत १३ सावल्या होत्या, ८ एकाच झाडावरच्या दुसऱ्या चौकटी, ५ झुडपं आणि २ दगडांचे ढीग. दुहेरी चौकटी नकाशावर सरळ रेषेत, ठरावीक अंतराने दिसल्या तर दोष तुकड्यांच्या कडांचा असतो आणि तुकडे एकमेकांवर जास्त चढवून तो कमी होतो. माझ्याकडे त्या विखुरलेल्या होत्या. मॉडेल रुंद झाडांचेच दोन भाग करत होतं. त्या तशाच राहू दिल्या.

सावल्यांसाठी स्कोअरची मर्यादा वाढवून उपयोग नव्हता. लांब, गर्द सावलीला मॉडेल खऱ्या झाडाइतकाच स्कोअर देतं, उलट मर्यादा वाढवली की आधी रोपं गळतात. पण सावलीला उंची नसते. त्याच फोटोंपासून पृष्ठभागाची आणि जमिनीची उंची काढून वजाबाकी केली आणि ज्या चौकटीत मध्यक उंची २ मीटरपेक्षा कमी, ती काढून टाकली. कमाल उंची मुद्दाम घेतली नाही, कारण सावलीच्या चौकटीत शेजारच्या झाडाचा कोपरा हमखास शिरतो आणि तेवढ्याने ती वाचते.

उरल्या १९६० चौकटी. आता जुने टक्के चालत नाहीत, म्हणून नवा नमुना घेतला: २०० पैकी १८६ खऱ्या. मात्र त्याच चौरसांत सापडलेली झाडं १९२ वरून १८७ वर आली. गेलेली पाचही लहान रोपं होती. नवा अंदाज २३४० च्या आसपास, म्हणजे आधीच्याच पट्ट्यात. चौकटी १८० ने घटल्या तरी अंदाज फारसा हलला नाही, यावरून पद्धतीवर माझा विश्वास बसला.

एक कोपरा मात्र मी वेगळा ठेवला. तिथे झाडांचे शेंडे एकमेकांत मिसळलेले आहेत, कॅमेऱ्याला जमीन दिसतच नाही, त्यामुळे जमिनीची उंचीच चुकीची येते आणि खरी झाडंही चाळणीत अडकतात. हाताने टिपतानासुद्धा तिथे एक झाड की तीन हे ठरेना. त्या कोपऱ्यासाठी अहवालात आकडा न देता फक्त क्षेत्रफळ दिलं आणि जागेवर जाऊन खोडं मोजावीत असं लिहिलं.