तळ्याचा चिंचोळा फाटा

शाळेची आठवण लिहायची म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आठवीतला भूगोलाचा एक तास येतो. बाईंनी प्रत्येक बाकावर एक नकाशा ठेवला, १:५०,००० प्रमाणाचा, आणि त्यातल्या निळ्या तळ्याचं क्षेत्रफळ काढायला सांगितलं. तळं ना गोल, ना चौकोनी. वर फुगीर आणि खाली डाव्या अंगाला शेपटासारखा लांबलेला एक चिंचोळा फाटा.

आम्ही ट्रेसिंग पेपरवर एकेक सेंटिमीटरचे चौकोन आखले आणि तो कागद नकाशावर ठेवून टाचण्यांनी पक्का केला. या प्रमाणात नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, म्हणून एक चौकोन पाव चौरस किलोमीटरचा. पूर्ण पाण्यात बुडालेल्या चौकोनात टिंब आणि काठ ज्यातून जातो त्यात फुली, अशी खूण बाईंनी करायला लावली होती. खुणा न करता मोजलं की एखादा चौकोन हमखास दोनदा मोजला जातो.

माझे टिंबांचे ६ चौकोन भरले, फुल्यांचे २४. गणितात शिकलेला नियम मी लावला: अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन पूर्ण धरायचा, कमी भरलेला सोडून द्यायचा. फुल्यांपैकी १० जास्त भरलेले होते. म्हणजे १६ चौकोन, ४ चौरस किलोमीटर. शेजारच्या मैत्रिणीने सगळ्याच फुल्या अर्ध्या धरल्या. तिचे ६ अधिक १२, असे १८ चौकोन, साडेचार चौरस किलोमीटर. तळं एकच आणि उत्तरांत अर्ध्या चौरस किलोमीटरचा फरक!

मला वाटलं, माझा कागद नेमका वाईट जागी बसला असेल. कागद थोडा सरकवून पुन्हा मोजलं, मग तिरका करून मोजलं. उत्तर सोळाच्या आसपासच घुटमळत राहिलं. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, त्या फाट्यात किती टिंबं आहेत ते बघ." एकही नव्हतं. फाटा सुमारे ६ सेंटिमीटर लांब, पण रुंदी जेमतेम ३ मिलिमीटरहून थोडी जास्त. तो सहा चौकोनांतून जात होता आणि प्रत्येकाचा साधारण तिसरा भाग भरत होता. अर्ध्याहून कमी, म्हणून सहाही चौकोन मी सोडून दिले होते. सहा तृतीयांश म्हणजे दोन चौकोन. माझ्या हिशेबात अर्धा चौरस किलोमीटर पाणी कुठेच नव्हतं.

वरच्या फुगीर भागात काठावरचे चौकोन कुठे जास्त भरतात, कुठे कमी, आणि चूक बरीचशी फिटते. फाट्यात सगळी चूक एकाच बाजूला पडते, म्हणून कागद सरकवूनही ती जात नाही. पण मैत्रिणीची रीतही तिथे निर्दोष नव्हती. तिने फाट्याचे तीन चौकोन धरले होते, खरे होते दोन. फाटा आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरला असता, तर फुल्या दुप्पट झाल्या असत्या आणि तिच्याकडे सहा धरले गेले असते.

मग बाईंनी २ मिलिमीटरचे चौकोन घ्यायला लावले, म्हणजे फाट्याच्या रुंदीपेक्षा लहान. तो चौकोन जमिनीवर १०० मीटर बाय १०० मीटरचा, बरोबर एक हेक्टर! दोन तास मोजत बसलो. पूर्ण ३७१, काठावरचे १५४, त्यांचे अर्धे ७७. एकूण ४४८ हेक्टर, म्हणजे ४.४८ चौरस किलोमीटर. बाईंनी वहीत आणखी एक ओळ लिहून घेतली: क्षेत्रफळ ३७१ हेक्टरपेक्षा कमी नाही आणि ५२५ पेक्षा जास्त नाही. नुसती टिंबं आणि टिंबं अधिक सगळ्या फुल्या, एवढाच तो हिशेब, पण मला तो उत्तराइतकाच आवडतो. मोठ्या चौकोनांनी हीच हद्द दीड ते साडेसात चौरस किलोमीटर इतकी सैल आली होती.

पुढे नोकरीत माझ्याकडे एका तलावाचा नकाशा आला, झेरॉक्सवर मोठा केलेला. खाली १:५०,००० छापलेलंच होतं आणि त्यावर विसंबून कुणीतरी क्षेत्रफळ काढून ठेवलं होतं. मी शेजारच्या प्रमाणपट्टीवर फूटपट्टी ठेवली. एक किलोमीटर २ सेंटिमीटर भरायला हवा होता, तो २.४ भरला. लांबी १.२ पट, म्हणून क्षेत्रफळ १.४४ पट फुगलेलं. छापलेला आकडा झेरॉक्सबरोबर बदलत नाही, पट्टी मात्र नकाशाबरोबर वाढते. मी काढून ठेवलेल्या क्षेत्रफळाला १.४४ ने भागलं, मग ट्रेसिंग पेपर काढला आणि पहिल्यांदा तलावाची सर्वात अरुंद जागा मोजली.