आमची वाटचाल : एका बटणापायी

आमच्या फर्मच्या कागदावर अजूनही ‘बालछायाचित्र सजावट’ असंच छापलेलं आहे. लोक विचारतात, म्हणजे नक्की काय करता? सांगतो. आई-बापांनी किंवा फोटोग्राफरने बाळाचा साध्या बनियनमधला फोटो पाठवायचा, आम्ही त्या फोटोतल्या बाळाला सणाचा पोशाख घालून द्यायचा. जरीचा खरा झगा वर्षभराच्या पोराला टोचतो, ते रडून लाल होतं आणि फोटो जातो. त्या रडण्यावर आमचा धंदा उभा आहे, असं आमच्या घरात म्हणतात.

सुरुवात आम्ही दोघांनी केली. माझा भागीदार कटआउट असा काढायचा की जावळाचा एकेक केस शाबूत राहायचा. कपड्यांचे फोटो कुठून आणायचे, हा प्रश्न त्याने पहिल्याच आठवड्यात सोडवला. मोठ्या माणसांच्या कुडत्या-जाकिटांचे फोटो घ्यायचे, छोटे करायचे आणि चढवायचे. मी तेव्हा मान डोलावली. ही चूक माझीही आहे, ती मी कधी नाकारली नाही. सुरुवातीचं काम लहान आकारात छापलं जायचं, त्यात सगळं खपून गेलं. मधली सहा-सात वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग एका मोठ्या स्टुडिओचं काम आलं. चाळीस बाळं, सगळी सात ते पंधरा महिन्यांची, भिंतीवर लावायच्या आकाराचे प्रिंट. आम्ही रात्री जागून ते वेळेत दिलं. चौथ्या दिवशी चाळीसच्या चाळीस परत आले. सोबत एकच ओळ होती, ‘मुलं बाहुल्यांसारखी दिसतात.’ पैसे अडकलेच, आणि त्या स्टुडिओकडे बघून आमच्याकडे येणारी आणखी तीन गिऱ्हाइकं गेली. भागीदार म्हणाला, त्यांना पैसे द्यायचे नाहीत म्हणून खुसपट काढलंय. मी दोन दिवस ते प्रिंट जमिनीवर पसरून बघत बसलो. काहीतरी खोटं दिसत होतं, पण कुठे ते सापडत नव्हतं.

ते दाखवलं आमच्या बाईंनी. त्या बाळांचेच फोटो काढतात, पहिल्या वर्षापासून आमच्याकडे काम देतात आणि आजही देतात. त्यांनी प्रिंटवर बोट ठेवलं, ते चेहऱ्यावर नाही, जाकिटाच्या बटणावर. म्हणाल्या, “बाळाच्या अंगठ्याचं नख बघा आणि हे बटण बघा. नखापेक्षा बटण बारीक कसं?”

हिशोब साधा होता, आम्ही कधी केला नव्हता. मोठ्याची छाती धरा शंभर सेंटिमीटर, वर्षाच्या बाळाची सेहेचाळीसच्या आसपास. म्हणजे कपडा निम्म्याहून थोडा लहान केला. शर्टाचं नेहमीचं बटण साडेअकरा मिलिमीटरचं असतं, ते झालं सव्वापाच. पण बाळाच्या खऱ्या कपड्याला कोणी सव्वापाच मिलिमीटरचं बटण लावत नाही. तिथेही आठ-नऊ मिलिमीटरचं लागतं, कारण ते माणसाच्या बोटांनी लावायचं असतं. दोऱ्याचंही तसंच. शिलाईचा टाका, कापडाची वीण, काठाची जाडी यातलं काहीच बाळाच्या मापाने निम्मं होत नाही. आम्ही सगळं निम्मं केलं होतं. बाळ खरं, पोशाख बाहुलीचा.

बटण नुसतं मोठं केलं तर भागेल असं भागीदाराला वाटलं. मोठं करून पाहिलं, तरी नजर अडखळतच राहिली. मग आमच्या शिवणकामवाल्या मावशींना बोलावलं. त्यांनी एकाच रेशमी ताग्यातून दोन कुडते शिवले, एक मोठ्या माणसाचा आणि एक वर्षाच्या मुलाचा. दोन्ही घालून मांडी घातल्यासारखे बसवले आणि मी मांडीवरच्या चुण्या मोजल्या. मोठ्यावर नऊ आल्या, छोट्यावर तीन. चुणीची रुंदी मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखी. कापड लहान कापलं म्हणून त्याचा ताठपणा कमी होत नाही, ते आपल्या कसानुसारच वळतं. म्हणून छोट्या कपड्यावर चुण्या थोड्या पडतात आणि कपड्याच्या मानाने मोठ्या, गोल दिसतात. मोठ्याचा फोटो लहान केला की नऊच्या नऊ बारीक चुण्या तिथे राहतात आणि रेशीम टिश्यू पेपरसारखं दिसू लागतं. मऊपणा बारीक चुण्यांतून येतो ही आमची समजूत होती. ती उलटी होती.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, मोठ्यांच्या कपड्यांचे सगळे फोटो काढून टाकायचे आणि खरे छोटे कपडे शिवून घ्यायचे. भागीदाराला ते पटलं नाही. महिनाभराने तो गेला. हरकत नाही, माणूस जातो. पण जाताना ती जुनी हार्ड डिस्क घेऊन गेला, त्याच कपड्यांच्या तयार चौकटी केल्या, म्हणजे चेहरा चिकटवा की झालं, आणि आमच्या निम्म्या भावात विकायला लागला. त्यातली अर्धी कटआउट माझ्या हातची होती. आजही एखाद्या भिंतीवर ते जाकीट दिसलं की मी डाव्या खांद्याकडे बघतो, तिथे मास्कची एक कड मी घाईत सोडली होती. ती तशीच आहे.

दीड वर्ष आम्ही गटांगळ्या खात होतो. भाव तो पाडणार, आणि आमचा खर्च वाढलेला. पण त्याच काळात मावशींनी गोणा बनवला. आमच्याकडच्या सगळ्या अवजारांत मला तोच सर्वांत प्रिय आहे. वर्षाच्या बाळाच्या मापाचा, बसता, कापडी पुतळा. बैठकीत वाळू, म्हणजे तो खाली रुततो आणि लंगोटाची रुंदी आपोआप येते. पोटात कापूस, तोही पुढे आलेला. हातांत गच्च भरलेला चिंध्यांचा पिळा आणि मनगटावर दोऱ्याने आवळून काढलेली वळी.

माप त्याला डोक्याने दिलं. या उद्योगात फूटपट्टीपेक्षा डोकं कामाचं. बाळ उघड्या अंगाने बसलेलं असेल तर हनुवटीपासून बैठकीपर्यंत साधारण पावणेदोन डोकी भरतात. मोठ्या माणसात जवळजवळ तीन. खांदे डोक्याच्या रुंदीच्या दीडपटीच्या आसपास. आता मोठ्याचं जाकीट खांद्याला बसवा, ते लांबीला गुडघ्यावर येईल. लांबीला बसवा, ते पोटावर आखडेल. कमर तर बाळाला नसतेच, छाती आणि पोट एकाच घेराचे. गळ्याचं म्हणाल तर हनुवटी छातीवरच टेकलेली असते, त्यामुळे मोठ्याची उभी गळपट्टी जशीच्या तशी बसवली की बाळाला उगीचच मान फुटते. आम्ही गळपट्टी जेमतेम बोटभर ठेवतो आणि तिचा पुढचा भाग हनुवटीच्या सावलीत जाऊ देतो.

गोण्याला कपडा घालायचा, फोटोतल्या बाळावर उजेड जिकडून आलाय तिकडूनच खिडकीचा उजेड घ्यायचा आणि कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवायचा. वरून काढलेला कपडा समोरून काढलेल्या बाळाला चढत नाही. तो हट्ट कोणी धरू नये, अगदी घाईतसुद्धा.

नंतरचं काम संगणकावरचं, Photoshop मधलं. बाईंनी पाठवलेलं एक नऊ महिन्यांचं बाळ आठवतं, उजवा हात तोंडात आणि अंगात नुसतं बनियन. हात वर म्हटल्यावर मुंढ्यापासून चुण्या निघायला हव्यात, आणि गोण्याचा हात खाली होता. Puppet Warp ने बाही वर ओढली तर कोपरावर वीण ताणून रबरासारखी दिसली. शेवटी मावशींनी गोण्याचा हात सुतळीने टांगला, आम्ही पुन्हा फोटो काढला. वीस मिनिटांचं काम, ते टाळायला मी दोन तास घालवले होते. गुबगुबीत हात बाही आतून भरून टाकतो, म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला दोन चुण्या येतात, बाहेर एकही नाही. बाहीची कड मनगटाच्या वळीत रुतवायची. तिथे हवा दिसली की हात उसना वाटतो.

त्याच फोटोत कापड साधं होतं आणि गिऱ्हाइकाला जरीची बुट्टी हवी होती. बुट्टी वेगळ्या लेअरवर Multiply मध्ये ठेवली, पण ती चुण्यांवरून सरळ रेघेत गेली, खिडकीच्या काचेवर चिकटवल्यासारखी. त्यासाठी Filter > Distort > Displace वापरायचं. कपड्याचीच करडी प्रत PSD म्हणून वेगळी ठेवायची, तिच्यातला उजेड-अंधार बुट्टीला सरकवतो. मधला करडा रंग काहीच हलवत नाही. ही प्रत आधी Gaussian Blur ने धूसर करायची, एवढी की वीण दिसेनाशी व्हावी आणि चुणी दिसत राहावी. मी पहिल्यांदा ते विसरलो. प्रत्येक धाग्यावर बुट्टी तुटली आणि कडेला करवतीचे दात आले. दुसऱ्यांदा आकडे आठ-आठ ठेवले आणि चुणीत शिरताना बुट्टी नीट दुमडली.

शेवटी सावल्या. हनुवटीखाली, काखेत, मांडी आणि पोट भेटतात तिथे. प्रत्येक जागी दोन लेअर लागतात, एक अरुंद आणि गडद, दुसरा रुंद आणि फिका. एकाच सावलीत भागवलं की बाळ कपड्यावर तरंगतं. चुण्यांचा उठाव Soft Light लेअरवर पन्नास टक्के करड्यात हलक्या ब्रशने वाढवायचा, आणि जेवढा वाढवावासा वाटेल त्याच्या निम्म्यावर थांबायचं. आमच्या नव्या मुलांना हे पटायला सहा महिने जातात.

तो बाळाचा फोटो बाईंनी प्रिंट करून घेतला आणि नेहमीप्रमाणे आधी बटण पाहिलं. काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात अकरा फोटो आले.

विचारलं नाहीत तरी सांगतो, पालकांनी फोटो अंगाबरोबरच्या बनियनमध्ये काढावा. ढगळ टी-शर्टाखाली खांदा कुठे आणि पोट कुठे ते आम्हालाही कळत नाही, मग अंदाज करावा लागतो आणि अंदाज नेहमी मोठ्या माणसाकडे झुकतो. आणि लाळ पुसू नका, ती खरी असते.

तो चौकटीवाला अजून चालतो. आमच्याहून जास्त चालतो, हेही सांगून टाकतो. लहान आकारात छापलं तर त्याचं खपतं, आणि हल्ली बहुतेक फोटो मोबाईलवरच पाहिले जातात. मोठा प्रिंट घेणारे मात्र आमच्याकडे येतात, आणि त्यांच्यापैकी काहींनी आधी त्याच्याकडे पैसे घालवलेले असतात.

सध्या मावशी दोन वर्षांच्या मुलाचा उभा गोणा शिवताहेत. दोन वर्षांचं मूल पाय फाकवून आणि पोट पुढे काढून उभं राहतं, त्यामुळे कुडत्याची पुढची कड मागच्यापेक्षा वर उचललेली दिसते. गोणा मात्र तसा उभा राहत नाही, पोटाच्या भाराने तोंडावर पडतो. टाचांत वाळू भरून पाहिली. आता पाठीमागून काठीचा टेकू देणार आहोत, ती पुसायचं काम माझ्याकडे.